एडिट डिस्टन्स काढायला अख्खं टेबल लागत नाही, दोन ओळी पुरतात

'गवत' आणि 'वतन' हे दोन शब्द घ्या. जागेला जागा लावून बघितलं तर तिन्ही अक्षरं वेगळी, ग च्या जागी व, व च्या जागी त, त च्या जागी न, म्हणजे तीन बदल. पण नीट बघितलं की लक्षात येतं की 'वत' हा तुकडा दोन्हीकडे तसाच आहे, फक्त एक घर सरकलाय. पुढचा ग काढून टाकला आणि शेवटी न लावला की झालं, दोनच बदल. एका स्ट्रिंगची दुसरी स्ट्रिंग करायला कमीत कमी किती बदल लागतात, या आकड्याला एडिट डिस्टन्स म्हणतात. बदल तीनच प्रकारचे चालतात: एक अक्षर काढणं, एक अक्षर घालणं, किंवा एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवणं. प्रत्येकाची किंमत एक.

या व्याख्येला बरेचदा लेव्हेनश्टाइन डिस्टन्स असंही म्हणतात, कारण 1965 मध्ये व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने ती मांडली. त्यांचा विषय होता संदेश पाठवताना मधेच बिट गळणं, जास्तीचा बिट घुसणं किंवा उलटा होणं, आणि असं झालं तरी मूळ संदेश परत मिळावा असे कोड कसे बनवायचे. आज हाच आकडा स्पेलचेकमध्ये वापरतात, दोन याद्यांमधली जवळपास सारखी नावं जुळवायला वापरतात, आणि त्याच पद्धतीचे भाऊबंद डीएनए ची तुलना करायला वापरतात.

आता हा आकडा काढायचा कसा. सगळा विचार शेवटच्या अक्षरावर करायचा, ही यातली खरी किल्ली आहे. समजा पहिल्या स्ट्रिंगचा काही भाग आणि दुसऱ्या स्ट्रिंगचा काही भाग आपल्यासमोर आहे. दोघांचं शेवटचं अक्षर सारखं असेल तर त्या अक्षराला हात लावायची गरजच नाही, ते दोन्हीकडून झाकायचं आणि उरलेल्या भागांचं उत्तर तेच आपलं उत्तर. सारखं नसेल तर तीन पर्याय उरतात: पहिल्याचं शेवटचं अक्षर काढून टाका, किंवा दुसऱ्याचं शेवटचं अक्षर घाला, किंवा एकाच्या जागी दुसरं ठेवा. तिन्हीला एक बदल खर्च होतो आणि मागे एक छोटा प्रश्न उरतो. तिन्ही छोट्या प्रश्नांपैकी ज्याचं उत्तर सगळ्यात कमी, त्यात एक मिळवायचा.

हे थेट रिकर्शनने लिहिलं तर कोड चार ओळींचा होतो आणि चालतोही, फक्त लहान शब्दांवर. दहा अक्षरी दोन शब्दांना एकमेकांसमोर मांडण्याचे वेगवेगळे मार्ग 80 लाखांहून जास्त होतात, आणि साधं रिकर्शन त्यातले बहुतेक मार्ग तुडवत बसतं, तेच तेच छोटे प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवत. पण वेगळे प्रश्न मुळात आहेत किती? पहिल्या शब्दाची पहिली शून्य ते दहा अक्षरं आणि दुसऱ्याची पहिली शून्य ते दहा, म्हणजे 11 गुणिले 11, फक्त 121. म्हणून एक टेबल करायचं, प्रत्येक प्रश्नाला एक घर, आणि प्रत्येक घर एकदाच भरायचं. ही टेबलची पद्धत वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या कामातून शोधली, तरी वॅग्नर आणि फिशर यांच्या 1974 च्या पेपरमुळे ती त्यांच्या नावाने जास्त ओळखली जाते.

गवत ते वतन हे टेबल पूर्ण भरून बघू, कारण पुढचं सगळं याच सोळा घरांवर समजून घ्यायचंय.

```
        -   व   त   न
   -    0   1   2   3
   ग    1   1   2   3
   व    2   1   2   3
   त    3   2   1   2
```

सगळ्यात वरची ओळ रिकाम्या स्ट्रिंगची आहे. काहीच नसलेल्यातून 'वतन' करायचं तर तीन अक्षरं घालावी लागणार, म्हणून 0, 1, 2, 3. डावीकडचा उभा कॉलम त्याच्या उलट, 'गवत' मधून रिकामं करायचं तर एकेक काढत जायचं. आतलं प्रत्येक घर तीन शेजाऱ्यांकडे बघतं: वरचं, डावीकडचं आणि वर-डावीकडचं तिरकं. वरून खाली आलो म्हणजे पहिल्या शब्दातलं अक्षर काढलं, डावीकडून उजवीकडे आलो म्हणजे दुसऱ्या शब्दातलं अक्षर घातलं, आणि तिरकं आलो म्हणजे अक्षर जुळलं किंवा बदललं.

ग समोर व, जुळत नाही. तिरकं घर 0, वरचं 1, डावीकडचं 1, सगळ्यात कमी 0, त्यात एक, म्हणून 1. पुढच्या ओळीत व समोर व आला, जुळला, म्हणून तिरक्या घरातला 1 तसाच उचलला. शेवटच्या ओळीत त समोर त, परत तिरक्यातला 1. आणि अगदी कोपऱ्यातलं घर, त समोर न: तिरकं 2, वरचं 3, डावीकडचं 1, सगळ्यात कमी 1 अधिक एक, उत्तर 2. डोक्याने काढलं होतं तेच आलं.

इथे एक शंका बऱ्याच जणांना येते आणि ती रास्त आहे. अक्षर जुळलं की आपण तिरकं घर डोळे झाकून उचलतो, वरच्या किंवा डावीकडच्या घरातून कमी उत्तर मिळणार नाही हे कशावरून? कारण शेजारच्या दोन घरांतला फरक कधीच एकापेक्षा जास्त नसतो, एक अक्षर जास्तीचं आलं तर उत्तर फार तर एकाने वाढेल किंवा एकाने कमी होईल. म्हणजे वरचं घर तिरक्यापेक्षा फार तर एकाने लहान असेल, आणि तिथून यायचं तर एक बदल मोजावाच लागतो, की झाली बरोबरी. बरोबरी होऊ शकते, फायदा नाही.

आता मेमरीकडे येऊ. सोळा घरांना कोण विचारतंय, पण खरा डेटा असा नसतो. कोविडच्या विषाणूचा वुहानमधला जो संदर्भ जीनोम सगळे वापरतात त्याची लांबी 29,903 अक्षरं आहे. असे दोन जीनोम समोरासमोर ठेवले तर टेबल 29,904 गुणिले 29,904, म्हणजे जवळजवळ 89 कोटी 42 लाख घरं. एका घराला चार बाइट धरले तरी साडेतीन जीबीच्या वर गेलं. पायथनच्या साध्या लिस्टमध्ये प्रत्येक घरासाठी आठ बाइटचा नुसता पॉइंटर लागतो, मग तेच सात जीबीच्या पुढे. आणि हा विषाणू आहे, सगळ्यात लहान जीनोमवाल्यांपैकी. आठ जीबीच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम मधेच मरतो किंवा डिस्कवर स्वॅप करत करत रांगायला लागतो, आणि शेवटी आपल्याला हवं काय असतं तर खालच्या कोपऱ्यातला एक आकडा.

वरचं टेबल परत बघा. त ची ओळ भरताना आपण कुठे कुठे बघितलं? व च्या ओळीत बघितलं आणि त च्याच ओळीतल्या आधीच्या घरात बघितलं. ग ची ओळ, किंवा सगळ्यात वरची, त्यांच्याकडे एकदाही वळलो नाही. सूत्रातले तिन्ही शेजारी एकतर याच ओळीत असतात किंवा लगेच वरच्या ओळीत, त्याहून मागे सूत्र कधीच जात नाही. मग मागच्या ओळी धरून ठेवायच्या कशासाठी? एक आधीची ओळ, एक आत्ता भरतोय ती ओळ. ही भरली की तीच आधीची होते आणि आधीची सोडून द्यायची. याला रोलिंग रोज म्हणतात, ओळी सरकत जातात.

```python
def edit_distance(a, b):
    if len(b) > len(a):
        a, b = b, a
    prev = list(range(len(b) + 1))
    for i in range(1, len(a) + 1):
        curr = [i] + [0] * len(b)
        for j in range(1, len(b) + 1):
            if a[i-1] == b[j-1]:
                curr[j] = prev[j-1]
            else:
                curr[j] = 1 + min(prev[j-1], prev[j], curr[j-1])
        prev = curr
    return prev[-1]
```

`prev[j-1]` तिरकं, `prev[j]` वरचं, `curr[j-1]` डावीकडचं, बाकी काहीच बदललेलं नाही. सुरुवातीला दोन स्ट्रिंगची अदलाबदल केलीय ती ओळ लहान राहावी म्हणून. गवत पासून वतन आणि वतन पासून गवत हे अंतर सारखंच असतं, काढणं आणि घालणं फक्त एकमेकांची जागा घेतात, त्यामुळे आडवी कुठली आणि उभी कुठली हे आपल्या हातात आहे. एक स्ट्रिंग दहा अक्षरांची आणि दुसरी दहा लाखांची असेल तर अकरा घरांच्या दोन ओळींत काम होतं, दहा लाखांच्या दोन ओळी कशाला ठेवायच्या.

जीनोमचं गणित परत करा. दोन ओळी म्हणजे 59,808 आकडे, चार बाइटच्या हिशोबाने 2 लाख 39 हजार बाइट. साडेतीन जीबीच्या जागी पाव एमबीपेक्षा कमी. आणि उत्तर तेच, अंदाजे वगैरे नाही, अगदी तेच, कारण प्रत्येक घराची आकडेमोड तीच आणि त्याच क्रमाने झाली. सी किंवा रस्टमध्ये लिहिलंत तर अजून एक फायदा दिसतो: एवढ्या लहान ओळी प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावतात, त्यामुळे बरेचदा स्पीडही सुधारतो, साडेतीन जीबीच्या टेबलला ते सुख नाही, तिथे प्रत्येक नवी ओळ मुख्य मेमरीत लिहावीच लागते.

इथली सगळ्यात नेहमीची चूक `prev = curr` या ओळीभोवती होते. वरच्या कोडमध्ये `curr` प्रत्येक फेरीत नव्याने तयार होतेय म्हणून ते ठीक आहे. पण कोणाला वाटतं की दरवेळी नवी लिस्ट कशाला, लूपच्या बाहेर एकदाच करू आणि आत फक्त `curr[0] = i` लिहू. झालं, पहिल्या फेरीनंतर `prev` आणि `curr` ही एकाच लिस्टची दोन नावं होतात, पायथन कॉपी करत नाही. पहिली फेरी बरोबर येते, 1 1 2 3. दुसऱ्या फेरीत `curr[0]` मध्ये 2 लिहिला की `prev[0]` सुद्धा 2 झाला, आणि व समोर व जुळल्यावर तिरक्यातला 1 मिळायला हवा होता तिथे 2 मिळतो. ओळ 2 1 2 3 यायच्या ऐवजी 2 2 3 4 येते, त्याच्या पुढची 3 3 3 4, आणि उत्तर 2 च्या जागी 4.

ही चूक पकडायला सोपी आहे, फक्त काय तपासायचं ते माहीत हवं. दोन तीन अक्षरी शब्दांचं अंतर 4 असूच शकत नाही, कारण जास्तीत जास्त सगळी अक्षरं बदलली तरी तीनच बदल. उत्तर लांब स्ट्रिंगच्या लांबीपेक्षा मोठं आलं की कोड चुकलाय हे नक्की. खालच्या बाजूलाही अशीच मर्यादा आहे, उत्तर दोन लांबींमधल्या फरकापेक्षा लहान येऊ शकत नाही. आणि सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे तोच शब्द दोनदा द्यायचा: गवत आणि गवत, उत्तर 0 यायलाच हवं, या चुकीच्या कोडमध्ये ते 2 येतं. एक अक्षरी स्ट्रिंगने टेस्ट करू नका मात्र, तिथे फेरी एकच होते आणि चूक लपून राहते. नवी लिस्ट खरंच टाळायची असेल तर `prev, curr = curr, prev` अशी अदलाबदल करा, म्हणजे लिस्ट दोनच्या दोनच राहतात. `curr` मध्ये जुना कचरा असतो पण काही बिघडत नाही, प्रत्येक घर वाचण्याआधी त्यावर नवीन आकडा लिहिला जातो, फक्त `curr[0] = i` विसरायचं नाही.

खरं म्हणजे दोन ओळीही जास्तच आहेत, एकीत भागतं. त्याच ओळीवर डावीकडून उजवीकडे लिहीत गेलो तर एका घरावर लिहिण्याआधी त्यात जो जुना आकडा आहे तोच तर 'वरचा', आणि डावीकडच्या घरात नवा आकडा आलेलाच आहे. फक्त तिरका हरवतो, कारण तो डावीकडच्या घराचा जुना आकडा होता आणि त्याच्यावर आत्ताच लिहिलं. मग तेवढा एक आकडा बाजूला एका व्हेरिएबलमध्ये जपायचा.

```python
row = list(range(len(b) + 1))
for i in range(1, len(a) + 1):
    diag = row[0]
    row[0] = i
    for j in range(1, len(b) + 1):
        up = row[j]
        if a[i-1] == b[j-1]:
            row[j] = diag
        else:
            row[j] = 1 + min(diag, up, row[j-1])
        diag = up
```

`up` मध्ये जुना आकडा लिहिण्याआधी उचलला आणि शेवटी तोच `diag` झाला, पुढच्या घरासाठी तिरका. हा क्रम उलटसुलट झाला की वरच्यासारखीच चूक होते. माझं मत विचाराल तर दोन ओळींचा कोड लिहा, तो वाचणाऱ्याला लगेच कळतो, आणि दोनवरून एकवर येऊन मेमरी फक्त निम्मी होते. साडेतीन जीबीवरून पाव एमबीवर येणं ही मोठी गोष्ट होती, पाव एमबीची निम्मी करणं बहुतेक ठिकाणी कोणाला जाणवत पण नाही.

किती ओळी ठेवायच्या हा आकडा पाठ करायचा नाहीये, तो सूत्रावरून काढायचा, सूत्र किती मागे बघतं तेवढ्या ओळी. टाइप करताना शेजारची दोन अक्षरं उलटी पडणं ही फार कॉमन चूक आहे, 'नगर' च्या जागी 'गनर'. साध्या एडिट डिस्टन्समध्ये हे दोन बदल धरले जातात, पण बरेच स्पेलचेकर ते एकच बदल धरतात. त्यासाठी सूत्रात अजून एक पर्याय येतो, दोन ओळी वर आणि दोन कॉलम डावीकडे असलेलं घर अधिक एक. आता सूत्र दोन ओळी मागे बघतंय, म्हणून हातात तीन ओळी लागतात. दोनच ठेवल्या तर जे घर वाचायचंय ते मागेच पुसलं गेलेलं असतं, आणि कोड एरर न देता मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो.

अक्षर म्हणजे काय हे सुद्धा मराठीत आधी ठरवावं लागतं. पायथन स्ट्रिंगमधले युनिकोड कोडपॉइंट मोजतो, त्यामुळे 'किती' ची लांबी 4 येते, क, वेलांटी, त, वेलांटी. किती आणि कीती मधलं अंतर 1, हे आपल्याला पटण्यासारखं आहे. पण काही प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये स्ट्रिंग म्हणजे यूटीएफ-8 चे बाइट असतात, तिथे ऱ्हस्व वेलांटी `E0 A4 BF` आणि दीर्घ वेलांटी `E0 A5 80`, तीनपैकी दोन बाइट वेगळे, म्हणून तेच अंतर 2 येतं. आणि 'क्ष' एक अक्षर दिसत असलं तरी आत क, हलन्त आणि ष असे तीन कोडपॉइंट आहेत, त्यामुळे लक्ष आणि लख मधलं अंतर कोडपॉइंटने 3 होतं. अल्गोरिदम तिन्हीकडे बरोबरच चाललेला असतो, त्याला तुकडे कसे करून दिले त्यावर उत्तर बदलतं. नावं जुळवायची असतील तर आधी स्ट्रिंगचे माणसाला दिसणारे अक्षरगट पाडून त्यांची लिस्ट द्या, वरचा कोड लिस्टवरही जसाच्या तसा चालतो.

आता ओळी टाकून दिल्याची किंमत बघू, कारण किंमत आहे. अख्खं टेबल हातात असतं तेव्हा कोपऱ्यातून मागे मागे जात नक्की कोणते बदल केले ते वाचता येतं. आपल्या टेबलात 2 हा डावीकडच्या 1 वरून आला, म्हणजे न घातला. तो 1 तिरका आला, त जुळला. परत तिरका, व जुळला. मग वरून खाली, ग काढला. ओळी सरकवत गेलो की उत्तर 2 मिळतं पण हा मार्ग गेला, ज्या घरांतून मागे जायचं ती घरंच उरली नाहीत. दोन फाइलमधला फरक दाखवायचा असेल किंवा जीनोममध्ये कुठल्या जागी बदल झाला ते सांगायचं असेल तर नुसता आकडा काय कामाचा.

यावरचा उपाय डॅनियल हिर्शबर्ग यांनी 1975 मध्ये दिला आणि तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. मूळ पेपर दोन स्ट्रिंगमधला सगळ्यात लांब सामाईक क्रम काढण्याबद्दल होता, पण तीच युक्ती इथे लागू पडते. पहिली स्ट्रिंग मधोमध तोडायची. पहिला अर्धा भाग घेऊन सुरुवातीकडून ओळी सरकवत यायचं, दुसरा अर्धा भाग घेऊन शेवटाकडून उलटं यायचं. दोन्हीकडून एकेक ओळ हातात येते, त्या दोन ओळींची घराला घर बेरीज करायची. जिथे बेरीज सगळ्यात कमी, तिथूनच बेस्ट मार्ग जातो, म्हणजे दुसरी स्ट्रिंग नेमकी कुठे तोडायची ते कळलं.

गवत वर करून बघू. तोडलं 'ग' आणि 'वत' असं. सुरुवातीकडून 'ग' ची ओळ आपल्याकडे आहेच: 1 1 2 3. हे 'ग' चं अंतर आहे रिकाम्याशी, 'व' शी, 'वत' शी, 'वतन' शी. शेवटाकडून 'वत' चं अंतर, दुसऱ्या शब्दाचा जो भाग उरला त्याच्याशी: 'वतन' शी 1, 'तन' शी 2, 'न' शी 2, रिकाम्याशी 2. बेरीज 2, 3, 4, 5. सगळ्यात कमी पहिल्याच जागी, म्हणजे 'ग' ची जोडी रिकाम्याशी आणि 'वत' ची जोडी 'वतन' शी. 'ग' काढायचा हे ठरलं. उरलेल्या जोडीवर तीच कृती परत करायची, ती तोडत तोडत एक अक्षर उरेपर्यंत.

ऐकायला वाटतं की इतकं परत परत मोजायचं तर वेळ किती जाईल. पण प्रत्येक वेळी तोडल्यावर दोन्ही तुकड्यांची मिळून घरं आधीच्या निम्मी होतात. पहिल्यांदा अख्खं टेबल, मग अर्धं, मग पाव, असं करत एकूण बेरीज दोन टेबलांच्या आतच राहते. म्हणजे साधारण दुप्पट वेळ देऊन पूर्ण मार्ग मिळतो, आणि मेमरी मात्र काही ओळींचीच.

वेळेचं मात्र ओळी सरकवून काहीच होत नाही, मेमरी कमी झाली म्हणून काम कमी झालं असं नाही. दोन जीनोमसाठी 89 कोटी घरं भरायचीच आहेत, सी मध्ये ती काही सेकंदांची गोष्ट असेल पण शुद्ध पायथनमध्ये बराच वेळ बसावं लागतं. आणि 2015 मध्ये बॅकर्स आणि इंडिक यांनी दाखवलं की वाटेल त्या दोन स्ट्रिंगसाठी अचूक उत्तर यापेक्षा ठळकपणे वेगाने काढता आलं, तर संगणनशास्त्रातलं एक मोठं, सहसा खरं मानलं जाणारं गृहीतक खोटं ठरेल. म्हणून 'मी ऑप्टिमाइझ करून यातला लांबीचा वर्ग घालवतो' या नादात दिवस घालवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पण स्ट्रिंग वाटेल त्या नसतात, बरेचदा आपल्याला आधीच माहीत असतं की त्या जवळजवळ सारख्या आहेत. मग टेबलाच्या मधल्या तिरक्या पट्ट्याबाहेर जायचंच नाही. k बदलांच्या आतलं उत्तर हवं असेल तर मुख्य तिरक्या रेषेपासून k घरांपेक्षा लांब जाणारा मार्ग उपयोगाचाच नाही, कारण तेवढं बाजूला सरकायलाच k पेक्षा जास्त अक्षरं काढावी किंवा घालावी लागतात. k = 100 धरला तर प्रत्येक ओळीत फार तर 201 घरं, सगळी मिळून साधारण 60 लाख, 89 कोटींच्या जागी. ओळी इथेही तशाच सरकतात, फक्त 29,904 घरांच्या ऐवजी 201 घरांच्या, आणि ओळ खाली गेली की खिडकी एक घर उजवीकडे जाते. पट्ट्याच्या कडेला जे शेजारी पट्ट्याबाहेर पडतात त्यांच्या जागी एक मोठा आकडा धरायचा, शून्य धरलात तर मार्ग बाहेरून फुकटात आत येईल आणि उत्तर खऱ्यापेक्षा लहान दिसेल. उत्तर 100 किंवा त्याच्या आत आलं तर ते अचूक आहे. 100 च्या वर आलं तर त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, पट्टा दुप्पट करून परत चालवायचं.